ऐंशी घरांची वीज आणि कागदावरचे तीन गुणक

‘ओळ 14 : 0.6 हा गुणक कोणत्या तक्त्यातून घेतला? संदर्भ द्यावा.’

इमारतीच्या विजेचा हिशेब एका कन्सल्टंटने मांडला की तो बऱ्याचदा दुसऱ्या, त्या कामाशी संबंध नसलेल्या कन्सल्टंटकडे तपासायला जातो. याला ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात. वरचा शेरा अशाच तपासणीतल्या नमुन्याचा आहे. वाचताना तो उगाच काढलेली खुसपट वाटतो. पण त्याच्या उत्तरावर इमारतीचा ट्रान्सफॉर्मर केवढा बसणार हे ठरतं. मे महिन्यात रात्री अकरा वाजता घराघरांत एसी सुरू असताना मुख्य ब्रेकर पडणार की नाही, हेही त्यावरच ठरतं.

ज्या कागदावर हा शेरा पडतो त्याला लोड शेड्यूल म्हणतात. इमारतीत विजेवर चालणारी प्रत्येक गोष्ट, तिचे किलोवॅट, त्यातले एका वेळी किती खरोखर चालू असतील याचा अंदाज आणि शेवटी सगळ्यांची बेरीज, असा तो एक्सेलमधला साधा तक्ता असतो. वीज कंपनी जोडणी मंजूर करताना स्वतःच्या निकषांनी हिशेब करते, ती गोष्ट वेगळी. इमारतीच्या आतली मुख्य पॅनेल, केबली, ब्रेकर, जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मरसाठी राखायची जागा मात्र बहुतेक वेळा याच तक्त्यावरून ठरते. तक्ता चुकला तर चूक काँक्रीटमध्ये गाडली जाते.

ही तपासणी कशी चालते हे पाहण्यासाठी एक नमुन्याची इमारत घेऊ. पुण्याच्या उपनगरात जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होऊन वीस मजले उभे राहणार आहेत. घरं ऐंशी, बहुतेक टू बीएचके. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत. चुका मात्र अशा कामांत नेहमी सापडणाऱ्याच आहेत.

बारा किलोवॅटचं घर

एका घरातली उपकरणं मोजली. दिवे आणि पंखे मिळून 1 किलोवॅट. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि इतर सॉकेट मिळून 2. दोन बाथरूममधले दोन गिझर 4. दोन बेडरूममधले दीड टनाचे दोन एसी 3. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, मिक्सर वगैरे 2. एकूण 12 किलोवॅट. याला जोडलेला भार म्हणतात. ऐंशी घरांचा जोडलेला भार झाला 960 किलोवॅट.

पण कोणतंही घर एका क्षणी सगळे 12 किलोवॅट वापरत नाही. गिझर सकाळी चालतो, एसी रात्री. गिझर जोरात चालतो त्या डिसेंबरात एसी बंदच असतो. म्हणून घराची कमाल मागणी जोडलेल्या भारापेक्षा बरीच कमी असते. दुसरी गोष्ट म्हणजे, ऐंशी घरांची कमाल मागणी एकाच मिनिटाला येत नाही. 304 मधल्या आजोबांचं पाणी पहाटे पाचला तापतं, 1102 मधल्या आयटीवाल्या जोडप्याचं साडेनवाला. त्यामुळे घरांची संख्या वाढत जाते तसा प्रत्येक घरामागचा हिशेबातला भार कमी होत जातो.

या दोन वेगळ्या सवलती आहेत. पहिली एका घराच्या आतली, दुसरी घराघरांमधली. व्यवहारात दोन्हींना सरसकट ‘डायव्हर्सिटी’ म्हटलं जातं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. त्यात भर म्हणजे काही पुस्तकांत डायव्हर्सिटी फॅक्टर एकापेक्षा मोठा असतो आणि त्याने भागायचं असतं, तर आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत तो एकापेक्षा लहान असतो आणि त्याने गुणायचं असतं. म्हणून तपासणारा आकडे पाहण्याआधी तक्त्याचा मथळा वाचतो. त्या रकान्यात नेमकं काय भरायचं होतं, हे त्याला आधी ठरवावं लागतं.

आपल्या नमुन्यातल्या तक्त्यात तीन गुणक होते. घराला 0.4. वीस घरांच्या मीटर पॅनेलला 0.6. अशा चार पॅनेलना जोडणाऱ्या मुख्य पॅनेलला पुन्हा 0.6. म्हणजे 960 चे झाले 384, 384 चे 230 आणि 230 चे 138 किलोवॅट. घरामागे 1.73 किलोवॅट.

पहिला इशारा या शेवटच्या आकड्यात आहे. मे महिन्यातल्या रात्री एका बेडरूममधला दीड टनाचा एसीच दीड किलोवॅट घेतो. मग फ्रिज, पंखे, टीव्ही आणि दुसऱ्या बेडरूममधला एसी मिळून उरलेल्या पाव किलोवॅटात कसे बसणार? सरासरी कमी असू शकते, काही घरं बंदही असतील, पण इतकी कमी का, हे डिझायनरला सांगता आलं पाहिजे. भागाकार करून घरामागे किती आले ते बघणं ही तपासणाऱ्याची पहिली सवय असते. दोन मिनिटांत होते आणि बहुतेक मोठ्या चुका त्यातच सापडतात.

0.6 आला कुठून

तपासणाऱ्याने संदर्भ मागितला तेव्हा डिझायनरने पॅनेलच्या मानकाचं नाव दिलं. पॅनेल बांधणीसाठीच्या आयईसी 61439 या मानकमालेत खरोखरच असा तक्ता आहे. दोन-तीन फीडर असतील तर 0.9, चार-पाच असतील तर 0.8, सहा ते नऊ असतील तर 0.7 आणि दहा किंवा त्याहून जास्त असतील तर 0.6. आकडा बरोबर उतरवला होता. चुकली ती जागा.

तो तक्ता पॅनेल बनवणाऱ्यासाठी आहे. पेटीत दहा ब्रेकर शेजारीशेजारी बसवले की ते एकमेकांना तापवतात. दहाही ब्रेकर पूर्ण भाराने चालतील असं धरून पेटी बांधायची की प्रत्येकी साठ टक्के धरून, हे पॅनेलवाल्याला दुसरी काही माहिती नसेल तेव्हा ठरवण्यासाठी ते आकडे दिलेले आहेत. ते पेटीच्या उष्णतेबद्दल बोलतात. ऐंशी कुटुंबं गिझर केव्हा लावतात याच्याशी त्यांचा संबंध नाही. शिवाय मुख्य पॅनेलला आलेले फीडर चारच होते. म्हणजे तोच तक्ता घ्यायचा म्हटलं तरी तिथे 0.8 यायला हवा होता.

यात एक गंमतही आहे. दोन गुणक लावून झाल्यावर आकडा 230 आला होता आणि तो खऱ्या मागणीच्या बराच जवळ होता. पण योगायोगाने. घराचा 0.4 गरजेपेक्षा कमी होता. दोन गिझर, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन एकदम चालू झाली की एकटं घर सहा किलोवॅटला टेकतं, म्हणजे तिथे 0.5 हवा. दुसरीकडे ऐंशी घरांच्या एकत्र हिशेबाला 0.6 जास्त होता. एक चूक दुसरीत जिरून गेली. मग तिसरा 0.6 आला आणि तीच सवलत दुसऱ्यांदा घेतली गेली. वीस घरांना एकदा सवलत मिळाल्यावर अशा चार गटांना मिळून पुन्हा तेवढीच सवलत मिळत नाही. गट मोठा होत जातो तशी मिळणारी जादा सवलत आटत जाते.

दुसऱ्याचा आकडा खोडून स्वतःचा ठोकून देणारा तपासनीस चांगला नव्हे. तो तोच हिशेब वेगवेगळ्या वाटांनी करून पाहतो. पहिली वाट फ्रान्समधल्या पद्धतीची. तिथे पन्नासपेक्षा जास्त घरांच्या इमारतीत घरांच्या कमाल मागणीच्या बेरजेला साधारण 0.4 लावतात. ऐंशी घरं, प्रत्येकी 6 किलोवॅट, गुणिले 0.4, म्हणजे 192 किलोवॅट. दुसरी वाट अमेरिकी विद्युत संहितेतल्या पर्यायी तक्त्याची. बासष्ट किंवा जास्त घरं असतील तर तो जोडलेल्या भाराच्या 23 टक्के घ्यायला सांगतो. 960 चे 23 टक्के म्हणजे 221. हे दोन्ही तक्ते तिकडच्या राहणीवरून आलेले आहेत, जसेच्या तसे इथे चालवता येत नाहीत. ताळा पाहायला मात्र उपयोगी पडतात.

तिसरी वाट सगळ्यात भरवशाची. मे महिन्यातल्या रात्री अकराचा क्षण घ्यायचा आणि घरात काय चालू असेल ते मोजायचं. ऐंशी घरांचे सगळे एसी मिळून 240 किलोवॅट. काही घरं बंद, काही एसी बंद, काहींचे कॉम्प्रेसर थंडावा झाल्यामुळे थांबलेले. सत्तर टक्के धरले तर 168. उरलेलं, म्हणजे फ्रिज, पंखे, दिवे आणि टीव्ही, घरामागे 0.6 किलोवॅट धरलं तर 48. बेरीज 216.

तीन वाटा 192, 221 आणि 216 वर येतात. तपासणाऱ्याने 220 सुचवले. त्याच बिल्डरच्या शेजारच्या राहत्या इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरवर उन्हाळ्यात आठवडाभर नोंदयंत्र लावून प्रत्यक्ष मागणी मोजावी, अशीही शिफारस केली. अशी मोजणी हातात असेल तर तीनही वाटांपेक्षा तीच खरी धरायची.

डायव्हर्सिटीची एक मर्यादा इथेच सांगायला हवी. ती माणसांच्या वेगवेगळ्या वेळांवर उभी आहे. या वेळा एकत्र आल्या की ती कोसळते. रात्री तासभर वीज जाऊन परत आली की सगळे फ्रिज आणि सगळे एसी एकाच क्षणी सुरू होतात. घरं तापलेली असल्यामुळे कॉम्प्रेसर बराच वेळ थांबतही नाहीत. अशा वेळी 0.7 चा अंदाज काही काळ 0.9 च्या पुढे जातो. वीज आल्यावर लगेच पुन्हा गेली, असा अनुभव बऱ्याच सोसायट्यांना येतो, त्याचं हे एक कारण.

सगळ्यांना एकच माप

घरांचा हिशेब झाल्यावर तपासणारा सामाईक सेवांकडे वळला. लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाणी प्रकल्प, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, क्लबहाउस, तळघरातले हवा काढणारे पंखे, एकूण 120 किलोवॅट. आगीसाठीचे पंप आणि जिन्यात हवेचा दाब ठेवणारे पंखे 100 किलोवॅट. डिझायनरने या सगळ्यांना एकच 0.5 लावला होता.

जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे रात्री सगळेच लागतात, त्यांना निम्मं करता येत नाही. पाण्याचे दोन पंप दाखवले होते, पण त्यातला एक राखीव असतो. दोन्हींची बेरीज करून निम्मी करण्यापेक्षा एकच पंप पूर्ण धरायचा. उत्तर तेच येतं, पण तक्ता खरं बोलतो. तिन्ही लिफ्ट एकाच वेळी पूर्ण भाराने वर चढत नाहीत, तिथे सवलत योग्य आहे. ओळीओळीने केलं तेव्हा सामाईक भार 60 ऐवजी 83 किलोवॅट आला.

आगीच्या पंपाची ओळ सगळ्यात गंभीर होती. 75 किलोवॅटचा पंप तक्त्यात 37.5 चा झाला होता. आगीचा पंप अर्धा चालत नाही. एरवी तो बंद असतो आणि आग लागली की पूर्ण ताकदीने चालतो. 75 किलोवॅटच्या मोटरला 415 व्होल्टवर सुमारे 130 अँपिअर लागतात. केबल आणि ब्रेकर अर्ध्या आकड्यावरून निवडले गेले तर पंप हवा असेल नेमक्या त्याच दिवशी ब्रेकर पडेल.

म्हणून तपासणाऱ्याने तक्ता दोन परिस्थितींत मांडायला सांगितला. नेहमीच्या दिवसात आगीचे पंप शून्य. आगीच्या वेळी आगीची सगळी यंत्रणा पूर्ण, त्यासोबत अग्निशमनाची लिफ्ट आणि जिन्यातले दिवे. क्लबहाउस, नेहमीचे पंखे आणि गाड्यांचं चार्जिंग बंद. ट्रान्सफॉर्मरसाठी या दोनांपैकी जो आकडा मोठा तो घ्यायचा. आगीच्या फीडरचं माप मात्र नेहमी पूर्ण भारावरूनच. सगळ्या ओळींची एक सरासरी काढून दोन्ही परिस्थिती एकात मिसळल्या तर तक्ता कोणत्याच दिवसाचं खरं चित्र दाखवत नाही.

गाड्या रात्री एकदमच लागतात

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी तक्त्यात वीस पॉइंट होते, प्रत्येकी 3.3 किलोवॅटचे, एकूण 66. त्यांना 0.3 लावून 20 किलोवॅट धरले होते.

केंद्र सरकारच्या आदर्श इमारत नियमावलीत फेब्रुवारी 2019 मध्ये सुधारणा झाली. तिच्यात पार्किंगच्या 20 टक्के जागांसाठी चार्जिंगची सोय सांगितली आहे. विजेबद्दलची अट आणखी नेमकी आहे. सगळे पॉइंट एकाच वेळी चालतील असं धरायचं आणि त्यावर 1.25 चा सुरक्षा गुणक लावायचा. म्हणजे इथे सवलत शून्य, उलट पंचवीस टक्के जास्त. 66 चे झाले 83 किलोवॅट.

ही अट इतकी कडक का, हे गाडी चार्ज कशी होते ते पाहिलं की कळतं. गिझर वीस मिनिटं चालतो आणि थांबतो. तीस युनिटांची बॅटरी 3.3 किलोवॅटवर पूर्ण भरायला नऊ तास लागतात. लोक संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरी येतात आणि गाडी लावली की वायर जोडतात. अकरा वाजता बहुतेक गाड्या एकदम चार्ज होत असतात आणि वर घरांत एसीही चालू असतात. वेळा वेगळ्या असतात, हा डायव्हर्सिटीचा आधारच इथे नाही.

डिझायनरने यावर चांगलं उत्तर दिलं. चार्जरना नियंत्रक बसवला तर एकूण चार्जिंग 40 किलोवॅटच्या वर जाणार नाही. एसीचा भार उतरला की मध्यरात्रीनंतर तो वाढवता येईल. तपासणाऱ्याने हे नाकारलं नाही. आदर्श नियमावली हा राज्यांसमोर ठेवलेला नमुना असल्याने स्थानिक नियमात नेमकी काय अट आहे ती आधी पाहावी, असं त्याने म्हटलं. आणि नियंत्रकावर भिस्त ठेवायची असेल तर तो निविदेच्या यादीत दिसला पाहिजे. नियंत्रक शेवटी खर्च वाचवण्यासाठी गाळला गेला तर 40 चे 83 होणारच.

रिकामा खण आणि नसलेले अँपिअर

आता बेरीज. डिझायनरची : घरं 138, सामाईक 60, आग 50, गाड्या 20, एकूण 268 किलोवॅट. पॉवर फॅक्टर 0.9 धरला तर 298 केव्हीए. त्यावर 315 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर निवडला होता. पहिल्या दिवसापासूनच 95 टक्के भरलेला.

तपासणाऱ्याची : घरं 220, सामाईक 83, गाड्या 83, एकूण 386 किलोवॅट, म्हणजे 429 केव्हीए. आगीच्या वेळची बेरीज यापेक्षा कमी येते, म्हणून हाच आकडा धरायचा. 315 च्या ट्रान्सफॉर्मरवर हा 136 टक्के भार होतो.

इथे दुसरा मोठा शेरा येतो : ‘भविष्यासाठी राखीव क्षमता दिसत नाही.’ डिझायनरचं उत्तर होतं की मुख्य पॅनेलमध्ये दोन फीडर मोकळे ठेवले आहेत. हे उत्तर फार वेळा मिळतं आणि फार वेळा मान्यही होतं. पण मोकळा खण आणि मोकळी क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य पॅनेलमधल्या तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना, म्हणजे बस-बारला, एकूण किती प्रवाह झेपतो हे आधीच ठरलेलं असतं. इथे तो 500 अँपिअर होता. 429 केव्हीए म्हणजे सुमारे 597 अँपिअर. दोन खण मोकळे असले तरी त्यांना द्यायला पट्टीत एकही अँपिअर उरलेला नव्हता, उलट शंभराची तूटच होती.

तपासणारा राखीव क्षमता चार ठिकाणी शोधतो. ट्रान्सफॉर्मरच्या केव्हीएमध्ये, मुख्य ब्रेकर आणि बस-बारच्या अँपिअरमध्ये, पॅनेलमधल्या मोकळ्या खणांत आणि केबल जायच्या उभ्या डक्टमध्ये. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं आहे. ट्रान्सफॉर्मर दहा वर्षांनी बदलता येतो. स्लॅबमधली भोकं आणि ट्रान्सफॉर्मर रूमच्या भिंती सहसा बदलता येत नाहीत. म्हणून पैसे कमी असतील तर लहान ट्रान्सफॉर्मर घ्या, पण खोली आणि पाया मोठ्याच्या मापाचा ठेवा, असा शेरा अनुभवी माणसं मारतात.

राखीव किती ठेवायची? साधारण वीस ते पंचवीस टक्के हा कामातला रिवाज आहे. इथे 429 मध्ये वीस टक्के मिळवले की 515 केव्हीए होतात. 500 चा ट्रान्सफॉर्मर आज 86 टक्के भरेल आणि वाढीनंतर पुरणार नाही. 630 चा आज 68 टक्के आणि वाढीनंतर 82 टक्के भरेल. डिझायनरचा नियंत्रक खरोखर बसवला तर आजची मागणी 381 केव्हीएवर येते, वाढीसह 457. मग 500 चा चालू शकतो, पण 91 टक्क्यांवर. तपासणाऱ्याने दोन्ही पर्याय किमतीसह सोसायटीपुढे ठेवायला सांगितले आणि खोली मात्र 630 च्या मापाचीच ठेवायला लावली.

याची दुसरी टोकाची चूकही होते. घाबरलेला तपासनीस सगळीकडे 1 लावतो. मग हीच इमारत तेराशे किलोवॅटच्या आसपास जाते आणि 1600 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागते. तो वर्षभर पाव भाराने चालेल. ट्रान्सफॉर्मर रिकामा असला तरी त्याचा गाभा चोवीस तास थोडी वीज खातच असतो आणि त्याचे पैसे कोणीतरी भरतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर मोठा झाला की शॉर्टसर्किटच्या वेळी वाहणारा प्रवाहही वाढतो, त्यामुळे पुढचे सगळे ब्रेकर महाग होतात.

चूक दिसते केव्हा

ताबा मिळाल्यावर पहिल्या वर्षी निम्मी घरं बंद असतात, इलेक्ट्रिक गाड्या दोन-चार असतात आणि 315 चा ट्रान्सफॉर्मर निवांत चालतो. सगळी घरं भरली की नुसती घरं आणि सामाईक सेवा मिळूनच 337 केव्हीए होतात. मग गाड्या वाढतात.

सुरुवातीला ब्रेकर लगेच पडत नाही. भार थोडाच जास्त असेल तर उष्णतेवर चालणारी यंत्रणा वेळ घेते. मर्यादेच्या 1.3 पट प्रवाहाला ब्रेकरने दोन तासांत पडावं असा मानकाचा नियम आहे. म्हणून अकराला भार चढतो आणि अंधार साडेबाराला होतो. तोवर काय लावल्यामुळे हे झालं, याचा माग लागत नाही. इलेक्ट्रिशियन येतो, ब्रेकर वर करतो, सगळं नीट दिसतं. कोणी ब्रेकरची मर्यादाच वाढवून दिली तर ताण ट्रान्सफॉर्मरवर जातो. त्याच्या गुंडाळीतल्या कागदी आवरणाचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर दर सहा अंश सेल्सिअसने गेलं की आवरण जवळपास दुप्पट वेगाने जुनं होतं. हे नुकसान आवाज करत नाही.

शेरा कसा लिहायचा

‘डायव्हर्सिटी तपासावी’ असा शेरा निरुपयोगी असतो. डिझायनर उत्तरात ‘तपासली’ लिहितो आणि विषय संपतो. कामाच्या शेऱ्यात चार गोष्टी असतात. कोणती ओळ, काय चुकलं, त्याचा परिणाम काय आणि काय करून दाखवायचं. आपल्या तक्त्यावरचा शेरा असा लिहिता येतो : ‘ओळ 14, मुख्य पॅनेल, गुणक 0.6. हा पॅनेलच्या उष्णतेच्या तक्त्यातला आहे, घरांच्या मागणीचा नाही. घराघरांमधली सवलत ओळ 9 मध्ये आधीच घेतली आहे. परिणामी मागणी सुमारे 80 किलोवॅटने कमी दिसते आणि ट्रान्सफॉर्मर लहान निवडला गेला आहे. घरांचा भार नव्याने काढून, आधार देऊन, सुधारित तक्ता सादर करावा.’

त्यापुढे डिझायनरच्या उत्तराचा रकाना असतो आणि शेवटी ‘खुला’ किंवा ‘बंद’ असा शेरा. ‘नोटेड’ हे उत्तर नव्हे. सुधारित तक्ता आला, त्याच्याशी जुळणारं पॅनेलचं आणि केबलचं ड्रॉइंग आलं, मगच शेरा बंद करायचा. कारण बऱ्याचदा तक्ता दुरुस्त होतो आणि ड्रॉइंगवर 315 तसाच राहतो. तपासणाऱ्याचं काम इथे संपतं. आराखडा पुन्हा मांडणं आणि त्याची जबाबदारी घेणं हे मूळ डिझायनरचंच काम राहतं.

पुनर्विकासाच्या करारावर सह्या करणाऱ्या सोसायटीने या कागदाची प्रत मागायला हरकत नाही. इंजिनिअर नसलेल्या सभासदालाही त्यात तीन गोष्टी पाहता येतात. घरांच्या एकूण मागणीला घरांच्या संख्येने भागून किती किलोवॅट येतात, गाड्यांच्या चार्जिंगच्या ओळीत कोणता गुणक आहे, आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्याच दिवशी किती टक्के भरलेला आहे. सोबत तपासणीच्या शेऱ्यांची यादीही मागा आणि ‘बंद’ लिहिलेल्या प्रत्येक शेऱ्यापुढे सुधारित ड्रॉइंगचा क्रमांक आहे का, ते बघा. पाया खणण्याआधी हे मागितलं तर बदल कागदावर होतो. खोली बांधून झाल्यावर मागितलं तर त्याचं बिल सोसायटीच्या नावावर येतं.